अण्णांच्या ईसीजीतले सहा चौकोन

*माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. गावातल्या शिबिरात अण्णांचा ईसीजी काढला. त्यांना त्रास काहीच नव्हता, सगळ्यांचाच काढत होते. कागदावर '1st degree AV block' आणि 'PR 238 ms' असं छापून आलं. मी मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, ब्लॉक म्हणजे ब्लॉकेज, लगेच अँजिओग्राफी करून घ्या. मी बी.एस्सी. झालेय, म्हणून स्वतः लाटा ओळखायला बसले. पण प्रत्येक उंच टोकाच्या मागेपुढे दोन उंचवटे दिसतात, त्यातला पी कुठला आणि टी कुठला ते ठरेना. एका कोपऱ्यात तर सगळंच उलटं आहे. अण्णांना बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. बाकी औषध नाही, फक्त आई रात्री त्यांच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालते. फोटो सोबत पाठवतेय. मी चुकतेय कुठे? अण्णांची झोप उडालीय.*
*— तासगावकडची एक वाचक*

ताई,

आधी तो एक शब्द निस्तरू, कारण अण्णांची झोप त्या शब्दाने उडवली आहे, लाटांनी नाही. बागायतदाराच्या लेकीला हे समजावायला मला फार लांब जावं लागणार नाही. बागेत पाणी पोचलं नाही तर तुम्ही दोन जागा तपासता: ठिबकची नळी क्षाराने तुंबली आहे का, आणि मोटारीच्या स्टार्टरची वायर धड आहे का. झाड दोन्हीकडून सुकतं, पण नळी तुंबली म्हणून कोणी वायरमनला बोलावत नाही. मावसभाऊ ज्याला ब्लॉकेज म्हणतो ते नळीचं दुखणं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून चरबीने अरुंद होतात, आणि ते बघायला अँजिओग्राफी करतात. तुमच्या कागदावर छापलेला ब्लॉक वायरिंगमधला आहे. त्यातही 'पहिल्या दर्जाचा' म्हणजे काहीच अडलेलं नाही, नुसता उशीर झालाय. हे नाव ठेवणाऱ्यांनी साधं 'उशीर' म्हटलं असतं तर सांगलीतल्या माझ्या ओपीडीत इतकी वर्षं जी रडारड झाली तिच्यातली निम्मी तरी वाचली असती.

पण माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका. तुम्हाला लाटा वाचायच्याच आहेत तर तो उशीर तुम्ही स्वतः मोजू शकता. फोटो उघडा.

मला आलेला फोटो जरा तिरका आहे आणि उजव्या कोपऱ्यात तुमच्याच मोबाइलची सावली पडली आहे. तरी तुम्ही एक गोष्ट फार चांगली केलीत, कागदाची कड कापली नाही. बहुतेक लोक 'महत्त्वाचा भाग' म्हणून मधल्या लाटा तेवढ्या घेतात आणि कडेला छापलेली 25 mm/s आणि 10 mm/mV ही अक्षरं बाहेर टाकतात. त्याशिवाय लाटा म्हणजे प्रमाण न दिलेला नकाशा. पहिली खूण सांगते की कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकला. म्हणून आडवा एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, आणि पाच बारकांचा एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. हेच मशीन ५० च्या वेगावर राहून गेलं तर प्रत्येक लाट दुप्पट रुंद येते आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी दिसतो. दुसरी खूण उंचीची आहे: दहा बारीक चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट.

फोटो तिरका असला तरी बिघडत नाही, फक्त चौकोन मोजायचे, सेंटिमीटर नाही. कागद एका बाजूने आकसलेला दिसतो तेव्हा त्यावरची लाट आणि तिच्याखालचे चौकोन सारखेच आकसतात. स्क्रीनवर फूटपट्टी धरून मोजणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. तिथे सगळंच फसतं. ग्रुपवर फिरून आलेला फोटोही मोजायला घेऊ नका. पाठवताना फोटो दाबला जातो, मग बारीक रेषा पुसट होतात आणि जाड रेषा तेवढ्या उरतात. तुमच्या फोनमधला मूळ फोटो वापरा, आणि डॉक्टरांना धाडायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून धाडा.

आता ते दोन उंचवटे. तुम्ही डावीकडून वाचायला सुरुवात केलीत, आपण अक्षरं वाचतो तशी, आणि पहिला उंचवटा दिसला त्याला पी म्हटलंत. पट्टी मध्येच कुठेही कापलेली असते, म्हणून पहिला दिसणारा उंचवटा मागच्या ठोक्याचा टीसुद्धा असू शकतो. तुमच्या फोटोत तो तसाच आहे, आणि तिथून पुढे सगळी नावं एकेक घर सरकली. ईसीजी मधून वाचायला घ्यायचा. आधी सगळ्यांत उंच, टोकदार, सुईसारखी रेघ शोधा. तो क्यूआरएस. त्याच्याबद्दल सहसा गोंधळ होत नाही. मग त्याच्या लगेच आधीचा लहानसा गोल उंचवटा तो पी, आणि त्याच्यानंतरचा पसरट, मोठा उंचवटा तो टी. आकारही मदत करतो. पी दोन्ही बाजूंनी सारखा, वाटाण्याएवढा असतो. टी सावकाश चढतो आणि झटकन उतरतो, एका बाजूने ढाळ असलेल्या टेकडीसारखा. ही पी, क्यू, आर, एस, टी अक्षरं हॉलंडच्या आइंथोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये दिली. त्यांत लपलेला काही अर्थ नाही, ओळीने येणारी अक्षरं आहेत, एवढंच.

कागदाच्या तळाशी जी एक लांब सलग पट्टी आहे आणि जिच्या डाव्या टोकाला II छापलंय, तिच्यावरच काम करा. वरच्या बारा लहान तुकड्यांत प्रत्येक लीडचे, म्हणजे हृदयाकडे बघण्याच्या एकेका दिशेचे, दोन-तीनच ठोके मावतात. लीड दोनमध्ये पी सहसा सरळ उभा आणि स्पष्ट येतो, म्हणून ताल बघायला हीच पट्टी घेतात.

मी तिच्यातला तिसरा ठोका मोजायला घेतला, कारण त्याचा पी बरोब्बर एका जाड रेषेवर सुरू होतो. तुम्हीही तोच घ्या. त्या जाड रेषेला शून्य म्हणा. पी अडीच बारीक चौकोन रुंद आणि दीड चौकोन उंच आहे. मग रेघ सपाट होते. क्यूआरएस सुरू होतो सहाव्या रेषेवर आणि संपतो आठव्यावर. थोडी सपाट रेघ, मग टी चढतो आणि सोळाव्या रेषेपाशी जमिनीला टेकतो. पुढे सात चौकोन काही नाही, आणि तेविसाव्या रेषेवर पुढचा पी. संपला एक ठोका. एका मिनिटात १५०० बारीक चौकोन सरकतात, म्हणून १५०० ला २३ ने भागा: नाडी मिनिटाला ६५.

या मोजणीतला प्रत्येक तुकडा हृदयातली एकेक घटना आहे, पण जी घटना तुम्हाला वाटते ती नाही. तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटलं की लाट म्हणजे हृदयाचं आकुंचन, आणि उंच लाट म्हणजे जोरकस हृदय. ईसीजी फक्त वीज दाखवतो. आकुंचन विजेच्या मागोमाग येतं, आणि ते बघायला सोनोग्राफीसारखी इकोची तपासणी लागते. वीज निघते उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या गाठीतून. ती दोन्ही वरच्या कप्प्यांवर, म्हणजे कर्णिकांवर, पसरते तेवढा वेळ पी उमटतो. पीचा पहिला अर्धा भाग बहुतेक उजव्या कर्णिकेचा आणि दुसरा डाव्या कर्णिकेचा असतो. कर्णिकांचा स्नायू पातळ, म्हणून लाट लहान. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी असा एकसारखा पी असला, आणि लीड दोनमध्ये तो सरळ असला, तर ताल मूळ जागेतूनच निघतोय हे कळतं. अण्णांचा तसा निघतोय.

क्यूआरएस म्हणजे खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत, जवनिकांत, वीज पसरणं. स्नायू जाड म्हणून लाट उंच. आणि तरी अरुंद, कारण तिथे वीज स्नायूतून रांगत जात नाही, खास तारांच्या जाळ्यातून धावते. अण्णांचे दोन चौकोन म्हणजे ०.०८ सेकंद, म्हणजे खालचं वायरिंग नीट आहे. एखादी फांदी बंद असली की वीज आडवाटेने स्नायूतून जाते आणि क्यूआरएस तीन चौकोनांच्या पलीकडे फाकतो. तुम्हाला क्यू सापडला नसेल तर शोधत बसू नका. आरच्या आधी रेघ खाली गेली तरच क्यू म्हणायचं, आणि अण्णांच्या या पट्टीत ती जात नाही. उंचीचं म्हणाल, तर सडपातळ छातीवर ती वाढते आणि लठ्ठ माणसात कमी होते. जोराशी तिचा संबंध लावू नका.

टी म्हणजे जवनिकांची वीज पुन्हा पहिल्या जागी येणं, पुढच्या ठोक्याची तयारी. हे काम सावकाश चालतं, म्हणून लाट पसरट. कर्णिकांचीही अशी लाट असते, पण ती लहान असल्याने बहुतेक क्यूआरएसच्या पोटात दडून जाते. टी स्वभावाने फार हळवा आहे. रक्तातलं पोटॅशियम, औषधं, स्नायूला कमी पडणारं रक्त, जाड झालेला स्नायू, सगळ्यांचा परिणाम त्याच्यावर होतो, म्हणून एकट्या टीवरून निदान करणाऱ्यापासून मी जरा लांबच राहते.

तो उलटा कोपरा कुठला हे न बघताच मी ओळखलं असतं. त्याच्यावर aVR छापलेलं आहे. प्रत्येक लीड म्हणजे हृदयाकडे बघणारा एकेक डोळा समजा. हा डोळा उजव्या खांद्यावर बसलाय. वीज साधारण उजवीकडून वरून डावीकडे खाली जाते, म्हणजे त्याच्यापासून दूर. दूर जाणारी लाट खाली उमटते. तिथे पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे असणं हेच नैसर्गिक. उलट तिथलं सगळं सरळ दिसलं आणि लीड एकमध्ये पी उलटा आला, तर आधी हातांच्या क्लिपा अदलाबदल झाल्या का ते विचारायचं. शिकाऊ असताना एका रुग्णालयात मीच उजवी-डावी क्लिप बदलून लावली होती आणि हृदय उजवीकडे असलेला माणूस सापडला म्हणून अर्धा वॉर्ड गोळा केला होता. सरांनी काही न बोलता क्लिपा बदलल्या.

आता पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचे सहा चौकोन. यालाच पीआर म्हणतात. सहा गुणिले ०.०४ म्हणजे ०.२४ सेकंद. मशीनने 238 ms छापलंय, म्हणजे ०.२३८. तुमचं आणि मशीनचं मोजमाप जुळलं. मोठ्या माणसात तीन ते पाच चौकोन सर्वसाधारण धरतात, पाचाच्या पुढे गेलं की मशीन तो शब्द छापून मोकळं होतं. डोळ्याने मोजताना अर्ध्या चौकोनाची चूक होतेच, म्हणून पाच की साडेपाच यावर वाद घालत बसू नये.

हा उशीर बहुतेक वेळा ए-व्ही नोडमध्ये होतो, कर्णिका आणि जवनिका यांच्या मधल्या नाक्यावर. पुण्याला जाताना तासवड्याचा टोलनाका लागतो ना, तसा. तिथे थोडं थांबावं लागतंच, आणि हृदयाला ते थांबणं हवंही असतं, म्हणजे वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला वेळ मिळतो. पहिल्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक गाडी जरा जास्त थांबते, पण एकूण एक गाडी पलीकडे जाते. दुसऱ्या दर्जात काही गाड्या अलीकडेच राहतात: पी येतो आणि त्याच्यामागे क्यूआरएस येतच नाही. तिसऱ्या दर्जात नाकाच बंद. वरचे कप्पे त्यांच्या चालीने, खालचे त्यांच्या, बऱ्याचदा फार संथ चालीने, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. घाबरायचं ते या पुढच्या दोन प्रकारांना, आणि त्यांतही सगळे सारखे नसतात.

अण्णांच्या पट्टीत ते नाहीत याची खात्री कशी करायची ते सांगते, कारण ही युक्ती मला वाटतं सगळ्यांत कामाची आहे. फोटोचा प्रिंट काढा. एका कोऱ्या कागदाची सरळ कड पट्टीखाली धरा आणि लागोपाठच्या दोन पीच्या सुरुवातीला पेनने दोन खुणा करा. मग कड पुढे सरकवत न्या. पहिली खूण एका पीवर ठेवली की दुसरी पुढच्या पीवर पडली पाहिजे. श्वासामुळे थोडं मागेपुढे होईल, ते चालतं. मग हेच क्यूआरएससाठी करा. खूण जिथे पडते तिथे पी आहे पण मागे क्यूआरएस नाही, असं एखादं ठिकाण सापडलं तर गाडी अडकली. एखादा पी टीच्या उतारावर बसलेला असेल तर तो नुसत्या नजरेला दिसत नाही, पण खूण त्याच्यावर बरोबर पडते आणि तिथला टी शेजारच्यांपेक्षा वेगळा, खांदा आल्यासारखा दिसतो. मी तुमच्या पट्टीवर ही कड दोनदा फिरवली. दहा सेकंदांत अकरा पी आणि अकरा क्यूआरएस आहेत, आणि प्रत्येक जोडीत तेच सहा चौकोन. दहा सेकंदांनी दिवसभराची ग्वाही देता येत नाही, पण या दहा सेकंदांत एकही गाडी अडकलेली नाही.

हा खेळ करताना एक फसवणूक लक्षात ठेवा. माणूस थंडीने कुडकुडत असेल, हाताला कंप असेल किंवा क्लिपेखाली जेली सुकलेली असेल तर सपाट रेघेवर दातेरी खरखर येते, तिच्यात पी बुडून जातो आणि मशीन वाट्टेल ते नाव छापतं. तुमच्या पट्टीत पाचव्या आणि सहाव्या ठोक्याच्या मध्ये अशी थोडी खरखर आहे, आणि तिथे कागदाची घडीही पडली आहे. तिथलं मोजू नका.

अण्णांना हा उशीर का झाला? वयाने होतो, कष्टाच्या शरीरात विश्रांतीच्या वेळी होतो, पण तुमच्या पत्रात दोन जास्त सोपी कारणं बसलेली आहेत. एक मेटोप्रोलॉल. ही गोळी त्या नाक्यावर गाड्या हळू करते, तो तिचा गुणच आहे. आणि दुसरं कारण तुम्ही 'फक्त' म्हणून सोडून दिलंत: काचबिंदूचे थेंब. काचबिंदूला बऱ्याचदा टिमोलॉल देतात, आणि टिमोलॉल हा मेटोप्रोलॉलचाच सख्खा चुलत भाऊ. डोळ्यांत घातलेला थेंब अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळला जात नाही, म्हणून थेंबभर असून हृदयावर जाणवतो. डोळ्यांचे डॉक्टर बीपीची गोळी विचारायचे राहतात, बीपीचे डॉक्टर थेंब विचारायचे राहतात, आणि घरचे थेंबाला औषध मानतच नाहीत. अण्णांचे थेंब टिमोलॉलचे आहेत असं मी म्हणत नाही, काचबिंदूला दुसरेही थेंब असतात. बाटलीवर बघा.

मात्र यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. मेटोप्रोलॉल एकदम तोडलं तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, आणि काचबिंदूचे थेंब थांबवले तर गेलेली नजर परत येत नाही. नुसत्या सहा चौकोनांसाठी, त्रास नसताना, औषध बदलावं लागेलच असंही नाही. तो हिशेब फिजिशियन करतील. तोवर आईला एवढं सांगा की थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब द्यायचा. थेंब डोळ्यात राहतो, नाकात कमी उतरतो. आणि उद्या कुणी डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल किंवा डिगॉक्सिन सुरू करायला निघालं तर हा ईसीजी आधी पुढे करा, ही औषधंही त्याच नाक्यावर काम करतात.

असाच कागद हातात घेऊन बसलेल्या इतरांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. हेच सहा चौकोन बारा वर्षांच्या मुलात आले, आणि त्याला ताप असेल, एक सांधा दुखायचा थांबून दुसरा दुखतोय असं चाललं असेल, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा बिघडतात. तिथे 'पहिल्या दर्जाचा आहे, काही नाही' म्हणून कागद कपाटात ठेवू नका.

मावसभावाच्या काळजीचं काय करायचं? तो शब्दात चुकला, पण अण्णांच्या धमन्या स्वच्छ आहेत असंही या पट्टीवरून सिद्ध होत नाही. धमनी बरीच अरुंद असूनही शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी अगदी साधा येऊ शकतो, कारण त्या वेळी हृदयाला जास्त रक्त लागतच नाही. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर लाटांत शोधू नका, अण्णांना विचारा. पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना, बांध चढताना छाती भरून येते का? थांबलं की बरं वाटतं का? हाताला, जबड्याला कळ जाते का? त्याचं उत्तर 'हो' आलं तर पीआर अगदी चार चौकोनांचा असता तरी हृदयरोगतज्ज्ञाकडे जायला लागलं असतं. सगळी उत्तरं 'नाही' असतील तर केवळ या छापील ओळीसाठी अँजिओग्राफी कोणी करत नाही.

आणि ज्या दिवशी छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटेल, किंवा अण्णा उभ्या-उभ्या बेशुद्ध पडतील, त्या दिवशी फोटो काढून मला किंवा ग्रुपला पाठवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. झटक्याच्या पहिल्या तासात ईसीजी कधी कधी साधाच येतो आणि तो पुन्हा-पुन्हा काढावा लागतो. नुसती चक्कर, पायऱ्यांवर अंधारी, नाडी चाळिशीत, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तेव्हा ते २४ तास अंगावर बांधायचं होल्टर लावायला सांगतील, कारण गाडी अडकते ती दहा सेकंदांच्या पट्टीत सापडेलच असं नाही.

सध्या घाई नाही. येत्या आठ-दहा दिवसांत तासगावात किंवा सांगली-मिरजेत तुमच्या सोयीच्या फिजिशियनकडे जाऊन या. शिबिरातला मूळ कागद मागून घ्या आणि आजच त्याची झेरॉक्स काढा. हा कागद उष्णतेवर छापला जातो, ऊन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तो हळूहळू कोरा होतो, आणि लॅमिनेशनला दिलात तर मशीनमधून काळा होऊन बाहेर येईल. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा ईसीजी असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा वगैरे, तर तो नक्की शोधा. तेव्हाही सहाच चौकोन असतील तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच झालं. तेव्हा चार होते आणि आता सहा झाले असतील, तर मधल्या काळात कुठलं औषध सुरू झालं हा पुढचा प्रश्न.

आणि निघताना आईकडून ती थेंबांची बाटली घ्या. नाव कागदावर उतरवून नेऊ नका, बाटलीच न्या. त्या नावांत एका अक्षराने औषध बदलतं.